समुद्र हवा, मासळी नको

आमच्या घरात सहलीचं ठिकाण बजेटवर ठरत नाही, सुट्ट्यांवरही ठरत नाही. ते ठरतं आजीच्या ताटावर. आजी माळकरी आहे. आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं, आता सगळे नाशिकला. आजीचे सख्खे भाऊ चवीने मटण खातात, पण आजीच्या गळ्यात पस्तीस वर्षांपासून तुळशीची माळ आहे आणि तिच्यामागे आमचं सगळं घर शाकाहारी झालं. मांस-मासे नाहीत, अंडं नाही. एकादशीला आणि चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. माळ घातलेल्या माणसाच्या पोटात चुकून काही गेलं, तर ती फक्त पोटाची गोष्ट राहत नाही. ज्या शब्दावर ती माळ गळ्यात आहे तोच मोडतो.

त्यामुळे आमच्या सहली म्हणजे शिर्डी, शेगाव, गाणगापूर आणि एकदा द्वारका-सोमनाथ. मागच्या वर्षी आजी म्हणाली, "सोमनाथला समुद्र पाह्यला, पण उभ्या उभ्या. एकदा नीट बसून पाहायचाय." कोकणाचं नाव काढलं तर मात्र तिचं उत्तर ठरलेलं होतं, "तिकडं सगळं मासळीचं. मी शेंगदाणे खाऊन राहू का?"

आजीचा मुद्दा खोटा नव्हता, पण सोमनाथचीच आठवण मला वेगळं काही सांगत होती. सोमनाथच्या देवळाभोवती मांसाहार सापडत नाही आणि तिथून पाच-सहा किलोमीटरवर वेरावळ आहे, देशातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. किनारा तोच आणि हवाही तीच, तरी आम्ही तिथे दोन दिवस निश्चिंत जेवलो होतो. म्हणजे किनाऱ्यावर शाकाहार मिळतो का, हा प्रश्नच चुकीचा होता. किनाऱ्यावर देऊळ कुठे आणि बंदर कुठे, हे विचारायला हवं होतं.

मग मी कोकणाचा नकाशा तसा वाचायला घेतला. रायगडच्या दक्षिण टोकापासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावर गावं दोन तऱ्हेची दिसतात. एक बंदराची: हर्णे, दाभोळ, जयगड. दुसरी नारळ-सुपारीच्या वाड्यांची आणि देवस्थानांची: दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे. या दुसऱ्या गावांत घरगुती शाकाहारी खानावळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्याचं कारण पर्यटन नाही. हरिहरेश्वरचा काळभैरव किंवा गुहागरचा व्याडेश्वर ही कितीतरी घरांची कुलदैवतं. लग्न झालं, मूल झालं की पुण्या-मुंबईहून माणसं कुलदैवताला येणार, अभिषेक करणार आणि त्या दिवशी सोवळ्याचं किंवा निदान शाकाहारी जेवण लागणार. ते जेवण गुरुजींच्या किंवा शेजारच्या वाडीतल्या घरी व्हायचं. आजच्या 'घरगुती भोजनाची सोय' या पाट्यांचं मूळ तिथे आहे. तेव्हा मुक्काम देवळाच्या गावात करायचे आणि बंदरं दिवसा ओलांडायची, असं मी ठरवलं. हर्णेला माशांचा लिलाव संध्याकाळी भरतो, म्हणून हर्णे दुपारी पार करायचं हेही त्यातच आलं.

ठिकाणांनंतर दिवस ठरवायचे होते आणि हे काम जास्त किचकट निघालं. मे महिना आधीच बाद केला, कारण आंब्याच्या दिवसांत या सगळ्या घरांवर इतकी गर्दी असते की कोणाच्या डावाने काय वाढलं जातंय हे बघायला कोणाला वेळ नसतो. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा मासे नसतील, असं पप्पांना वाटलं. खरं तर उलटं आहे. ताजे मासे नसतात तेव्हाच घरोघरी सुकट, बोंबील, सोडे डब्यांतून बाहेर पडतात आणि त्यांचा वास ताज्या माशापेक्षा लांब जातो. शिवाय आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू झाला की कांदा-लसणाचा प्रश्न वाढतो. तो कार्तिकी एकादशीला संपतो, म्हणजे २०२५ साली २ नोव्हेंबरला.

त्यापुढचं कॅलेंडर मी एकादशीपासून एकादशीपर्यंत मोजलं. एकादशी प्रवासात आली तर आजीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी लागते. नाशिकमध्ये भगर कुठल्याही दुकानात मिळते, कोकणात तिला वरीचे तांदूळ म्हणावं लागतं आणि खानावळीत ती असेलच असं नाही. १ डिसेंबरला मोक्षदा एकादशी होती, १५ डिसेंबरला सफला. मधले तेरा दिवस मोकळे. त्यातून शनिवार-रविवारची गर्दी वजा केली की ८ ते १२ डिसेंबर, सोमवार ते शुक्रवार, एवढा आठवडा उरतो. मी पाच दिवसांची रजा टाकली.

या आठवड्याचे आणखी दोन फायदे होते. किनाऱ्यावरच्या मासे खाणाऱ्या घरांचाही स्वतःचा शाकाहारी आठवडा असतो. कोकणात आणि गोव्यात पुष्कळ हिंदू घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, कारण तो शंकराचा वार. गोव्यात अशा जेवणाला 'शिवराक' असा वेगळा शब्दच आहे. आणि मार्गशीर्ष महिना चालू होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडणाऱ्या घरांत तो दिवस तरी कडक पाळतात, काही घरं महिनाभर पाळतात. म्हणजे आमचा पहिला दिवस सोमवार आणि चौथा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. ज्या दोन ठिकाणांबद्दल मला खात्री कमी होती, ती मी या दोन दिवसांवर टाकली.

मग फोन. 'व्हेज मिळेल का?' हा प्रश्न कधीच विचारू नये. त्याचं उत्तर प्रत्येक जण हो असंच देतो, आणि ते खोटंही नसतं, कारण भात-वरण सगळीकडे असतं. दोन-तीन फोनांनंतर माझे प्रश्न पक्के झाले. तवा एकच आहे का? तळणीचं तेल एकच आहे का? घावनं आणि सुरमई एकाच तव्यावर भाजत असतील, किंवा मासे तळलेल्या तेलात पापड तळत असतील, तर ताटातला पदार्थ शाकाहारी असून काही उपयोग नाही. तिसरा प्रश्न सुक्या मासळीचा. रायगडकडे सोड्याचे पोहे होतात, वालाच्या बिरड्यात सोडे पडतात, वांग्यात जवळा जातो. घालणाऱ्याला तो मसाल्यासारखाच वाटतो, त्यामुळे 'यात मासे आहेत का' असं विचारलं तर सहज 'नाही' असं उत्तर येऊ शकतं. 'सोडे किंवा जवळा घालता का' असं नाव घेऊन विचारावं लागतं. सोलकढीबद्दल मात्र घाबरायचं कारण नाही. त्यात नारळाचं दूध, आमसूल आणि बहुतेक वेळा लसूण असतो. चातुर्मास संपलेला असल्यामुळे आम्हाला ती चालणार होती.

हे प्रश्न विचारताना एक गोष्ट मला टोचत राहिली. 'तुमच्या घरात मासे शिजतात का?' याचा ऐकणाऱ्याच्या कानात होणारा अर्थ 'तुम्ही कोण?' असा असतो. काही पाट्यांवर सरळ 'ब्राह्मणी पद्धतीचे जेवण' असं लिहिलेलं असतं आणि एका घरातून मलाच उलटं आडनाव विचारण्यात आलं. आम्ही मराठा. आमचा शाकाहार जातीतून आलेला नाही, माळेतून आलेला आहे. तरी फोनवर तो प्रश्न विचारला की मी त्याच जुन्या चाळणीतून माणसं चाळतेय असं वाटायचं. आई म्हणाली, "मग घर नको विचारू. भांडं विचार." तिचं बरोबर होतं. तव्याबद्दल विचारता येतं आणि समोरचाही तव्याबद्दलच उत्तर देतो. पुढचे सगळे फोन मी एकाच वाक्याने सुरू केले, "आमची आजी माळकरी आहे." या एका वाक्याने समोरचा माणूस स्वतःहून पुढचं सांगू लागतो, कारण माळ कोकणालाही माहीत आहे.

केळशी-आंजर्ल्याच्या मधल्या एका गावातला फोन असाच लागला. मंगळवारी मला हव्या असलेल्या दोन्ही खानावळी भरलेल्या होत्या आणि तिसऱ्या घराची चौकशी करताना तिकडच्या ताईंनी आधीच सांगून टाकलं, "आमच्याकडे मासे होतात हो. माझे मिस्टर बोटीवर असतात." मी थँक्यू म्हणून फोन ठेवणार होते. माळेचं वाक्य तोंडातून निघून गेलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सासूबाई पण माळकरीच आहेत आमच्या. त्यांची चूल मागच्या पडवीत. भांडी वेगळी, माठ वेगळा. त्या मला पण हात लावू देत नाहीत." मग जरा हसून, "त्यांना विचारून सांगते, त्या रांधतील का पाच माणसांचं." संध्याकाळी फोन आला की रांधतील.

घरी हे सांगितल्यावर पप्पा गप्प बसले. कोळ्याच्या घरी आजीला जेवायला न्यायचं, ही गोष्ट त्यांना झेपत नव्हती. आजीने फक्त विचारलं, "त्या बाईची माळ कुठली? आळंदीची का पंढरपूरची?" ते मला माहीत नव्हतं. "विचार मग," म्हणाली, आणि विषय संपला.

सोमवारी पहाटे साडेपाचला निघालो. कसारा घाट, पनवेल, माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर, थांबत-थांबत नऊ तास. या घरगुती खानावळींचं एक गणित हॉटेलपेक्षा वेगळं असतं. तिथे मेन्यू नसतो, ताटं असतात. सकाळी किंवा आदल्या रात्री सांगितलेली जितकी ताटं, तितकंच रांधलं जातं. दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री आठ ते नऊ. तीन वाजता पोचलात तर घरात खरोखर काही नसतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी नगावर सांगायचे, कारण उकड आणि नारळ त्या हिशेबाने काढतात. त्यामुळे पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण मी हिशेबात धरलंच नव्हतं. आईने दशम्या केल्या होत्या. पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं की त्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत लसणाचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. कोलाडच्या पुढे एका झाडाखाली बसून खाल्लं आणि रात्रीची पाच ताटं व दहा मोदक आधीच सांगून ठेवलेले होते.

दिवेआगरला सगळं ठरल्यासारखं झालं. भात, वरण, तूप, केळफुलाची भाजी, आमसुलाची आमटी, मोदक. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक वेगळी अडचण दिसू लागली, जी कुठल्याच फोनवर कळली नसती. आजीचं ताट सगळ्या कसोट्यांना उतरत होतं आणि तरी ती अर्धपोटी उठत होती. आम्ही बाजरीची माणसं. सकाळ-संध्याकाळ भात आणि प्रत्येक भाजीत ओला नारळ, हे तिच्या जिभेला गोड लागत होतं आणि पोटाला परकं. चाललं नाही तर माणूस बोलून दाखवतो, पण चालतं आणि तरी जात नाही, हे कोणी सांगत नाही. ते फक्त पानात उरलेल्या भातावरून ओळखायचं. डिकीत मी दोन किलो बाजरीचं पीठ ठेवलं होतं ते याचसाठी. सहलीच्या सामानात मी केलेली सगळ्यात हिशेबी गोष्ट तीच.

मंगळवारी हरिहरेश्वरचं दर्शन झालं, बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवून बाणकोटची खाडी ओलांडली आणि वेसवीला उतरून चारच्या सुमाराला त्या गावात पोचलो. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. पप्पांनी गाडीची काच वर केली. आजी मात्र खाली उतरून घराला वळसा घालून सरळ मागच्या पडवीकडे गेली.

तिथे तिच्याच वयाची एक बाई चुलीपुढे बसली होती. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. चुलीभोवती शेणाने सारवलेली जागा, भिंतीला पितळेची चार भांडी उपडी. त्या दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला. वारकऱ्यांमध्ये लहान-मोठं न बघता एकमेकांच्या पाया पडतात, ते मी त्र्यंबकेश्वरला पाहिलं होतं, पण बोंबलांच्या वासात पाहिलं नव्हतं. मग आजी माझ्याकडे वळून म्हणाली, "ते बाजरीचं पीठ आण."

त्या रात्री कुळथाचं पिठलं होतं, भात होता आणि आजीने स्वतः थापलेल्या बाजरीच्या भाकरी. कोळीणआजींना बाजरी नवीन होती. त्या तांदळाची भाकरी करतात, पिठाला उकड काढून. बाजरीला ती लागत नाही, हे आजीने त्यांना दाखवलं. जेवताना मी विचारलं की मुलगा बोटीवर, सून मासे विकते आणि तुम्ही माळकरी, हे कसं जमतं? त्या म्हणाल्या, "पोटाचा धंदा पोटाचा, माळ माझी. मी त्यांना सोड म्हणत नाही, ते मला खा म्हणत नाहीत." आजीने पूर्ण दीड भाकरी खाल्ली. पप्पा जेवले, पण तांब्यातलं पाणी प्यायले नाहीत, गाडीतली बाटली मागवली. त्याबद्दल त्या घरात कोणी काही बोललं नाही आणि नाशिकला परत आल्यावर आईनेही नाही.

पुढचे दिवस सोपे गेले. बुधवारी दुपारी हर्णे ओलांडून दाभोळला फेरीबोट धरली, धोपाव्याला उतरून गुहागर गाठलं. गुहागरच्या लांब वाळूत आजी दोन तास बसली. गुरुवारी हेदवीचा दशभुज गणपती, तवसाळ-जयगड फेरीबोट आणि गणपतीपुळे. तिथल्या खानावळीत एकच स्वयंपाकघर आहे असं कळलं होतं, म्हणून ते मार्गशीर्षातल्या गुरुवारावर ठेवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ओट्याशेजारी घट मांडलेला होता आणि मालकीणबाईंनी स्वतःच सांगितलं की आज घरात काही नाही. शुक्रवारी कुंभार्ली घाट चढून उंब्रजला हायवेला लागलो, एका ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला, साताऱ्याला मुक्काम केला आणि शनिवारी घरी. सोमवारची एकादशी आजीने स्वतःच्या भगरीवर केली.

माझ्या फोनमध्ये या सहलीची एक शीट आहे. ठिकाण, ताटाची वेळ, किती आधी सांगायचं, तवा, तेल, सुकी मासळी. दोन मैत्रिणींनी ती मागून नेली. त्यातली एक जैन आहे. तिला सूर्यास्ताआधी जेवण लागतं आणि कंदमुळं चालत नाहीत. रात्री आठच्या ताटावर चालणारी माझी घरं तिच्या काही कामाची नाहीत. तिने नकाशा तोच ठेवून सगळे मुक्काम संध्याकाळी साडेपाचला जेवू घालणाऱ्या घरांवर फिरवले, त्यात दोन गावं गळाली. प्रत्येक घराला आपलं कॅलेंडर स्वतःच मोजावं लागतं.

'चूल वेगळी' असा एक रकाना मी नंतर वाढवला. त्यात सध्या एकच नाव आहे. आजीने निघताना कोळीणआजींना पौषवारीचं आमंत्रण दिलं होतं. पौष वद्य एकादशीला, म्हणजे १४ जानेवारीला, त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ताईंचा फोन आला. सासूबाई दिंडीतल्या दोघींबरोबर येणार आहेत, एकादशीच्या आदल्या रात्री आमच्याकडे उतरतील. मग जरा अडखळत त्यांनी विचारलं, "एक विचारू का? तुमच्याकडे रात्रीच्या जेवणाला भात असतो ना? त्यांना भाकरीने पोट भरल्यासारखं वाटत नाही."

मी फोन आजीकडे दिला.